मॉडेल रिटायर होताना चॅटबॉट कसा हलवायचा?

प्रश्न: आमच्या बॉटचं मॉडेल पुढच्या महिन्यात बंद होतंय. दुसरा प्रोव्हायडर फॉलबॅकला ठेवला तर पुरेल ना?

उत्तर: नाही पुरणार, आधी फॉलबॅक कुठल्या एररवर लागतो ते बघा. `429`, `5xx`, टाइमआउट यांवर दुसरीकडे जाणं बरोबरच आहे, पण रिटायर झालेल्या मॉडेलला सहसा `404` येतो आणि कोडमध्ये "काहीही एरर आला की दुसरीकडे" असं असेल तर त्या दिवसापासून सगळा ट्रॅफिक गुपचूप तिकडे जातो, बॉट चालू दिसतो आणि पत्ता लागतो तो बिल आल्यावर. म्हणून `404` ला युजरला फॉलबॅककडून उत्तर जाऊ द्या, पण लगेच अलर्ट हवाच, आणि प्रत्येक उत्तरासोबत मॉडेलचं नाव लॉग करा.

दुसरं म्हणजे चॅटची हिस्टरी. ओपनएआयच्या चॅट कम्प्लिशन्समध्ये सिस्टीम प्रॉम्प्ट मेसेजच्या यादीतच जातो, अँथ्रॉपिककडे `system` वेगळं द्यावं लागतं, `max_tokens` पण सक्तीचं, आणि टूलचे रिझल्ट पाठवायची पद्धत तर पूर्ण वेगळी. त्यामुळे हिस्टरी स्वतःच्या साध्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, पाठवताना बदला. नाहीतर बॉट टूल वापरून ऑर्डर स्टेटस बघत असताना मध्येच फॉलबॅक लागला की `400` येऊन तोही पडतो, म्हणून टेस्ट करताना टूल वापरलेलं अर्धवट चॅटच घ्या.