झोपून पाहिलेली गादी 'वापरलेली' ठरते का?

प्रश्न: १०० रात्रींच्या ट्रायलवर ऑनलाइन गादी आणि दोन उशा घेतल्या. ४ डिसेंबरला नाशिकला घरी आल्या. गादी फार कडक लागते. परत करतो म्हटलं तर कस्टमर केअर म्हणतं, "वापरलेला माल परत घेत नाही." झोपल्याशिवाय कळणार कसं?

उत्तर:

नुसतं झोपल्याने ट्रायलमधली गादी वापरलेली ठरत नाही. तुम्हाला मिळालेलं उत्तर बहुतेक चुकीच्या पानावरचं आहे. गादी विकणाऱ्या साइटवर सहसा दोन वेगळी पानं असतात. एक सरसकट रिटर्न पॉलिसीचं, त्यात 'न वापरलेला, मूळ पॅकिंगमधला' असं असतं. दुसरं ट्रायलच्या अटींचं. फोनवरचा माणूस पुष्कळदा पहिलं पान वाचून दाखवतो. म्हणून फोनवर वाद घालू नका, मेल करा आणि एवढंच विचारा: "माझी विनंती ट्रायलखाली आहे. ट्रायलच्या कोणत्या अटीनुसार नाकारता, ती अट लिहून पाठवा." गुंडाळून आलेली गादी व्हॅक्यूममधून सुटली की फुगते आणि घरी पुन्हा तशी दाबून भरता येत नाही. त्यामुळे मूळ पॅकिंगची अट तिला लागू पडूच शकत नाही, हेही त्याच मेलमध्ये लिहा.

एक गोष्ट आधी तपासा. गादी कंपनीच्या साइटवरून घेतली की मोठ्या मार्केटप्लेसवरून? मार्केटप्लेसवरच्या ऑर्डरला पुष्कळदा तिथलीच काही दिवसांची मुदत लागते आणि १०० रात्रींची ट्रायल फक्त कंपनीच्या साइटवरच्या खरेदीला असते. ऑर्डरच्या पानावर त्या वस्तूखाली काय लिहिलंय त्याचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. अटी नंतर बदललेल्या दिसू शकतात.

आता 'वापरलेली' म्हणजे काय. ट्रायलच्या अटींत त्याचा अर्थ खुणा असा असतो: डाग, फाटलेलं किंवा जळालेलं कापड, वास, ओल, काढून टाकलेलं लेबल. आपल्या घरांत सगळ्यात घात करतं ते डोक्याचं तेल. उशीकडचा हात-दीड हात भाग बघा. चादर पातळ असेल तर तिथे फिकट पिवळा, कडा नसलेला डाग उमटतो, जो घरातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही. खिडकीच्या उजेडात, तिरक्या नजरेने पाहिलं की दिसतो. दुसरी चूक त्याहून वाईट: डाग दिसला म्हणून ओल्या फडक्याने पुसणं. पाणी वाळताना मळ कडेला ढकलतं आणि बोटभर डागाच्या जागी बशीएवढं कडं उमटतं. चेन असलेली खोळसुद्धा ट्रायल संपेपर्यंत धुऊ नका. आटली की पुन्हा नीट बसत नाही, आणि धुतलेली खोळ म्हणजे वापर, असं म्हणायला कंपनीला जागा मिळते.

गादी ठेवायचं ठरेपर्यंत तिच्यावर पातळ, वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घाला. जाड, कापूस भरलेला नको, त्याने गादीचा खरा स्पर्शच कळत नाही.

कडकपणाबद्दल. गादीत मेमरी फोमचा थर असेल तर घाईने परत करू नका. हा फोम गार हवेत घट्ट होतो आणि अंगाच्या उबेने मऊ पडतो. नाशिकची डिसेंबर-जानेवारीची थंडी त्याला पुरेशी आहे. फरशीजवळच्या बेडवर, खिडकी किलकिली ठेवलेल्या खोलीत तो रात्री लाकडासारखा लागतो. ओळखायचं असं: रात्री झोपण्याआधी तळहात एकाच जागी एक-दोन मिनिटं दाबून धरा. हळूहळू बोटं रुतायला लागली आणि हात काढल्यावर ठसा क्षणभर राहिला, तर दोष हवेचा आहे, थंडी सरली की फरक पडेल. काहीच रुतलं नाही, तर गादीच तुमच्यासाठी कडक आहे. साध्या फोमच्या किंवा लॅटेक्सच्या गादीत मात्र थंडीने एवढा फरक पडत नाही, तिथे थांबून उपयोग नाही.

थांबायचं असेल तर रात्री मोजून ठेवा. ४ डिसेंबरची रात्र पहिली धरली तर १००वी रात्र १३ मार्चची येते. पण काही अटींत मोजणी ऑर्डरच्या तारखेपासून असते. समजा ऑर्डर २६ नोव्हेंबरची आहे, तर मुदत ५ मार्चलाच संपते. आठ दिवसांचा फरक आहे, आणि रिटर्न नाकारायला तेवढे पुरतात. काही कंपन्या आधी ठरावीक रात्री झोपायलाच लावतात, तीही अट वाचा. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात निर्णय घेऊन विनंती लेखी टाका, म्हणजे दोन्ही मोजणींत बसता.

फॉर्ममध्ये कारण 'आरामदायक वाटत नाही' हेच निवडा. लवकर होईल म्हणून 'सदोष' निवडलं की केस वॉरंटीकडे जाते, फोटो मागतात, खड्डा किती खोल ते मोजायला सांगतात, आणि खड्डा नसला की अर्ज फेटाळतात. दोन्हींच्या मागचा आधार वेगळा आहे. माल सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला तो परत घेणं नाकारता येत नाही. नुसता आवडला नाही म्हणून परत घ्यायची सक्ती कायद्यात नाही, तो हक्क कंपनीने स्वतः दिलेल्या ट्रायलमधून येतो. म्हणून अटींचा स्क्रीनशॉट हाच तुमचा पुरावा.

उशांचं वेगळं आहे. बहुतेक ठिकाणी ट्रायल गादीपुरतीच असते आणि उशीची सीलबंद पिशवी फोडली की ती वापरलेली धरतात. यात कंपनीची बाजू मला पटते: उशी थेट तोंडाला लागते, ती दुसऱ्याला विकता येत नाही. एक पिशवी अजून बंद असेल तर ती तशीच ठेवा, त्या एका उशीचे पैसे बहुधा परत मिळतील, फक्त तिची मुदत गादीपेक्षा खूप लहान असते. फोडलेली उशी फक्त माप कमी, भरण वेगळं किंवा शिवण उसवलेली असेल तरच परत मागता येईल.

पिकअपच्या दिवशी गादी उभी करून वर, खाली, चारही बाजू आणि लेबल यांचा एकच सलग व्हिडिओ दिवसाच्या उजेडात काढा. हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिक शीट आणून गुंडाळा. सिडकोतल्या अरुंद जिन्यावरून तिसऱ्या मजल्याची गादी उतरवताना कठड्याला घासते, आणि तो ओरखडा नंतर तुमच्या नावावर लागतो. नेणाऱ्याकडून तारखेसह पोच घ्या, नाहीतर गाडीत चढवतानाचा फोटो तरी.

तरीही नकार आला तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. त्याचं नाव साइटवर देणं बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निकाल द्यायला हवा. तिथेही अडलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. शेवटी नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, कंपनी कुठलीही असो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे.