क्लेम फाइलमध्ये नोंद कशी लिहावी?

ऑडिटर 'घसारा वजा केला' एवढंच का चालत नाही म्हणतात? मी मोटार क्लेम बघतो.

कारण त्यात निर्णय दिसतो, कारण दिसत नाही. वर्षभराने ग्राहक विमा लोकपालाकडे गेला, तर त्या ओळीवरून कुणालाच उत्तर देता येणार नाही. असं लिहा: 'पुढचा बंपर ८,००० रुपये, सर्व्हे रिपोर्टनुसार. भाग प्लास्टिकचा, म्हणून घसारा ५० टक्के, ४,००० वजा. पॉलिसी शेड्यूल पाहिलं, झिरो डेप कव्हर नाही.' शेवटचं वाक्य सर्वात महत्त्वाचं. वाद नेमका तिथेच उभा राहतो.

पुढे ग्राहकाने झिरो डेपची पावती आणली, तरी जुनी नोंद खोडू नका. त्या दिवसाची तारीख घालून खाली नवी लिहा: काय मिळालं, त्यामुळे आकडा का बदलला. 'ग्राहक खोटं बोलतोय' असलं मत मात्र नको. तो फोनवर काय म्हणाला तेवढंच लिहा.