आजीची पेटी, पोळ्याचा फोटो आणि ‘हे कोण?’ हा प्रश्न

“आजी 82 वर्षांची आहे. आम्ही दारव्हा तालुक्यात राहतो. वर्षभरापासून ती विसरते. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, एकच गोष्ट चारदा विचारते. तिच्या पेटीत शंभरावर जुने फोटो आहेत आणि एकाच्याही मागे नाव नाही. बाबा रोज एक-एक फोटो समोर धरून ‘सांग, हे कोण?’ असं विचारतात. आधी ती सांगायची. आता चिडते, कधी रडते, फोटो उलटा करून ठेवते. आता उशीर झाला का?”

उशीर झालेला नाही, पण विचारायची रीत आजच बदला. त्याआधी एक काम करा. आजीला डॉक्टरांकडे दाखवलं नसेल तर दाखवून घ्या. बी-12 जीवनसत्त्व कमी असलं किंवा थायरॉइडचा त्रास असला तरी माणूस विसरायला लागतो, आणि त्यावर औषध असतं. विसरणं दोन-चार दिवसांत एकदम वाढलं, तर लघवीचा किंवा दुसरा संसर्ग झाला असण्याची शक्यता असते. तेव्हा फोटो बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठायचा.

‘हे कोण?’ ऐकून ती का चिडते, हे बाबांना नीट समजावून सांगा. चेहरा ओळखीचा वाटणं आणि त्या चेहऱ्याचं नाव ओठावर येणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. विसरण्याच्या आजारात नाव आधी अडकतं. माणूस आपला आहे हे आजीला कळत असतं, नाव मात्र सापडत नाही, आणि समोर लेक परीक्षकासारखा उभा असतो. हरल्याची ती लाज रागाच्या रूपाने बाहेर येते. दुसरी बाजू अशी की या आजारात काल-परवाचं आधी जातं. लग्नाच्या आगेमागेचं, पहिल्या लेकरांच्या वेळचं बरंच पुढेपर्यंत टिकतं. म्हणजे पेटीतले सगळ्यांत जुने फोटोच तिला सगळ्यांत जवळचे आहेत.

हा प्रश्न विचारणाऱ्या नातीच्या घरात हे कसं केलं ते बघा. मोजल्यावर 112 फोटो निघाले. सगळे आजीपुढे नेले नाहीत. 1985 नंतरचे रंगीत फोटो बाबा आणि आत्या ओळखू शकत होत्या, ते त्यांच्याकडे दिले. ज्यांतली माणसं आजीशिवाय कुणीच ओळखणार नाही असे 31 फोटो वेगळे काढले. तिची शक्ती तेवढ्यांवरच खर्च करायची ठरवली.

बैठक सकाळी, चहा झाल्यावर, ओसरीच्या उजेडात. दिवस कलला की अशा माणसांची बेचैनी बहुधा वाढते, म्हणून संध्याकाळ टाळायची. डोळ्यांना चष्मा हवा. एका वेळी चार फोटो आणि वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. जवळ एकच माणूस बसायचं, सगळं घर गोळा करायचं नाही. मूळ फोटो तिच्या हातात द्यायचा आणि त्याचाच मोबाइलवर घेतलेला फोटो मोठा करून शेजारी धरायचा. बोटाएवढ्या फोटोत चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. पुष्कळदा ‘विसरली’ म्हणतात ते खरं तर तिला दिसलेलंच नसतं. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, आजीला विचारून. सुरुवातीला आपण तारीख आणि फोटोचा नंबर बोलायचा, नाहीतर महिन्याभराने कोणता आवाज कोणत्या फोटोचा हे कळत नाही.

विचारायचं ते नाव सोडून. “आजी, इथं काय चाललंय?” “हे आंगण कोणाचं?” “या लुगड्याचा रंग कोणता होता?” पोळ्याच्या फोटोवर नातीने बैलांबद्दल विचारलं. आजी आधी बैलांवर बोलली, मग झुलीवर, आणि मग आपणहून म्हणाली, “हा माहा थोरला, मांडीवर. सासूबाईच्या मांडीवर बसला हाय.” नाव असं गोष्टीच्या मागून येतं.

इथे आपल्याकडची एक खास अडचण आली. लग्नाच्या फोटोत नवऱ्यावर बोट ठेवून आजी “हे” एवढंच म्हणाली. शेजारच्या उंच माणसाला “भासरे”, म्हणजे थोरले दीर, म्हणाली. बाबांना वाटलं, तीही नावं गेली. गेली नव्हती. त्या पिढीतली बाई नवऱ्याचं, सासऱ्याचं, भासऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. नातीने हसत “आजी, नाव घे ना” म्हटल्यावर तिने अडखळत का होईना, अख्खा उखाणा घेतला आणि नवऱ्याचं नाव त्यात आलं. भासऱ्याचं नाव तिने शेवटपर्यंत उच्चारलं नाही. ते जुन्या सातबाऱ्यावर मिळालं. तिला त्यासाठी भरीस घालायची गरज नव्हती.

म्हणूनच फोटोमागे नुसतं ‘भासरे’, ‘मोठी माय’ किंवा ‘मामा’ लिहिलं तर ते वीस वर्षांनी निरुपयोगी होतं. मामा कोणाचा? आजीचा, बाबांचा की नातीचा? पूर्ण नाव लिहा आणि पुढे ‘आजीचा सख्खा भाऊ’ असं नातं कोणाशी ते लिहा. बाईचं असेल तर माहेरचं नाव, लग्नानंतरचं नाव आणि माहेरचं गाव अशी तिन्ही हवीत. नावं दोन असली की पुढची पिढी एकाच बाईला दोन बाया समजते.

आता तारीख. “कोणतं साल?” हा प्रश्न आजीला विचारूच नका, तिच्या मनात सालं नाहीत. तिच्या मनात बाळंतपणं, पिकं आणि सण आहेत. पोळ्याच्या फोटोवर तिने तीन गोष्टी सांगितल्या. थोरला तुरी सोंगायच्या वेळी झाला. फोटोच्या वेळी तो धरून बसवावा लागत होता. आणि “तवा मले धाकटीचे दिवस गेले नव्हते.” आता कागद काढले. लग्नपत्रिका जून 1959 ची. थोरल्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म 1 जून 1960. धाकटीची जन्मनोंद ग्रामपंचायतीत, नोव्हेंबर 1962.

1 जून ही तारीख दिसली की थांबायचं. पोराला शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी 1 जून लिहून घेत, त्यामुळे आपल्याकडे निम्म्या वर्गाचे वाढदिवस एकाच दिवशी येतात. तूर सोंगतात डिसेंबर-जानेवारीत. जून 1959 मध्ये लग्न, म्हणजे जानेवारी 1960 मध्ये पूर्ण दिवसांचं मूल होणं शक्य नाही. थोरला बहुधा जानेवारी 1961 च्या सुमाराचा. पोळा येतो श्रावणी अमावास्येला, ऑगस्ट-सप्टेंबरात. 1961 च्या पोळ्याला तो साधारण आठ महिन्यांचा, धरून बसवायच्या वयाचा. 1962 च्या पोळ्याला तो दीड वर्षांचा होऊन पळत असता आणि आजीला धाकटीचा सातवा महिना असता. म्हणून फोटोमागे लिहिलं: ‘पोळा, 1961, बहुधा’. ‘बहुधा’ हा शब्द गाळू नका. खात्रीची तारीख आणि अंदाजाची तारीख सारखीच लिहिली की पुढच्याला दोन्हींत फरक करता येत नाही.

ठिकाणाचंही तसंच. लग्नाचा फोटो आजीच्या माहेरचा, कारंजा तालुक्यातला. बाबांनी ‘जिल्हा वाशीम’ लिहायला घेतलं होतं. वाशीम जिल्हा 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. 1959 च्या पत्रिकेवर अकोलाच आहे. दोन्ही लिहा: ‘तेव्हा जि. अकोला, आता वाशीम’. गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपुरातून निघाला, गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यातून, आणि चंद्रपूरलाच जुन्या कागदांवर चांदा म्हणतात. धरणात उठलेलं गाव असेल तर जुनं गावठाण आणि पुनर्वसन झालेलं गाव ही दोन्ही नावं हवीत.

सगळ्यांत सांभाळायची चूक पोळ्याच्याच फोटोत झाली. उजव्या टोकाला एक तरुण उभा आहे. पहिल्या बैठकीत बाबांनी विचारलं, “हा मामाच ना?” आजी “हो” म्हणाली. तीन आठवड्यांनी नातीने त्याच तरुणाबद्दल काहीच न सुचवता विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “हा माहा देर. वखर हाकायचा.” आजी खोटं बोलली नव्हती. नाव सुचवलं की या आजारातलं माणूस ते सहज उचलतं, आणि रिकामी जागा मेंदू आपणहून भरूनही काढतो. म्हणून सुचवायचं नाही, महत्त्वाचा फोटो काही आठवड्यांनी पुन्हा दाखवायचा आणि दोन उत्तरं आली तर दोन्ही तारखेसह लिहायची. आजीची नणंद पुसदला आहे. तिला नाव न सांगता फोटो पाठवला. तिने लगेच “हा तर आमचा धाकटा” असं सांगितलं. म्हणजे तो आजीचा दीरच. तिसऱ्या माणसाची साक्ष अशी कोरी घ्यायची, ‘आजी दीर म्हणते, खरं का?’ असं विचारून नाही.

एका फोटोत पाळण्यातलं लेकरू होतं. ते पाहून आजी बोलायची थांबली आणि रडली. ते लेकरू जगलं नव्हतं, घरात कुणाला ठाऊकही नव्हतं. नातीने फोटो झटकन काढून घेतला नाही, दुसराही पुढे केला नाही. हात धरून बसली. त्या दिवशीची बैठक तिथेच संपली. गेलेल्या भावाबद्दल आजीने “तो आला नाही अजून?” असं विचारलं, तर दर वेळी “तो वारला” हे सांगू नका. तिच्यासाठी ती बातमी दर वेळी नवी असते. “त्याची आठवण येते का?” असं विचारा. ती बोलेल.

लिहायला बॉलपेन आणि स्केचपेन नको. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो आणि शाई पुढे झिरपते. कागदी पाठीच्या जुन्या फोटोवर 2बी किंवा 4बी पेन्सिल, फोटो काचेवर पालथा ठेवून, हलक्या हाताने आणि कडेला. गुळगुळीत प्लास्टिकसारखी पाठ असेल तर पेन्सिल उमटत नाही. तो फोटो कागदी पाकिटात घालायचा, पाकिटावर आधी लिहून मग आत ठेवायचा. चिकटपट्टी नको, तिचा डिंक पिवळा पडून फोटो खातो. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेवरूनच, उजेडाची चमक टाळून, मोबाइलने घ्या.

आणि क्रम लिहिताना नुसतं ‘डावीकडून’ पुरत नाही. उभ्या माणसांची डावी बाजू की बघणाऱ्याची? या घरातली नोंद अशी झाली: ‘क्र. 17. पोळा, 1961, बहुधा. सासरचं आंगण, ता. दारव्हा, जि. यवतमाळ. बघणाऱ्याच्या डावीकडून: 1. आजीची सासू, मांडीवर थोरला. 2. आजी. 3. भासरे. 4. धाकटा दीर (आधी ‘भाऊ’ म्हटलं, नणंदेने दीर सांगितलं). सांगणारी: आजी.’ नात्यांच्या जागी त्यांनी पूर्ण नावं लिहिली आहेत, खाली दोन्ही बैठकींच्या तारखा आहेत.

नातेवाइकांना फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला तर तो आकसतो आणि मोठा केल्यावर चेहरे फुटतात.

पाच आठवड्यांत 31 पैकी 24 फोटोंची नोंद झाली. उरलेल्या सातांवर अंदाजाने नावं घातली नाहीत. ‘ओळख पटली नाही. नऊवारीतली बाई, हातात तांब्या, मागे कौलारू घर. आजी म्हणते: कारंज्याकडची असावी’ असं लिहून ते पुसदच्या नणंदेकडे आणि आजीच्या माहेरच्या भाच्याकडे पाठवले आहेत.