सवाईहून रात्री एकत्र कॅब: उतरायचा क्रम, रस्ता आणि पैसे

प्रश्न: पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला शनिवारी कार्यक्रम उशिरापर्यंत चालतो. मुकुंदनगरहून कर्वेनगर, कोथरूड, बावधनकडे जाणारे आम्ही काही जण मिळून एक कॅब करतो. आधी कोणाला सोडायचं, गाडी कुठून न्यायची, यावर गाडीत बसल्यावर वाद होतो. मागच्या वेळी बावधनची म्हणून शेवटी मी एकटीच उरले. समान वाटणी केली म्हणून कर्वेनगरच्या काकूही नाराज झाल्या. हे आधी कसं ठरवावं?

उत्तर:

मी कोथरूडचा. वनाजजवळ पौड रोडवर राहतो आणि बरीच वर्षं सवाईहून अशीच एकत्र गाडी करून परततो. तुमच्यासारखाच प्रसंग आमच्यावरही आला होता. तेव्हा काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण रस्ताही तुमचाच आहे.

सगळ्यात आधी, हे बोलणं मध्यंतरात चहा घेताना उरकून घ्या. बारा वाजता सगळा मांडव एकदम बाहेर पडतो, भाडी चढतात, फोन लागत नाहीत आणि थंडीत कुडकुडत कोणालाच नीट विचार करता येत नाही. त्या वेळी घाईत 'चला, बसा आधी, बघू' म्हटलं की वाद गाडीत गेलाच म्हणून समजा.

त्या रात्री आम्ही चौघे होतो. कर्वेनगरचे काका-काकू, मी आणि बावधनची एक मुलगी. बिबवेवाडीचे एक ओळखीचे गृहस्थही 'मलाही सोडा वाटेत' म्हणत होते, पण बिबवेवाडी मुकुंदनगरहून वेगळ्याच दिशेला. त्यांना सोडून परत फिरायचं तर तिन्ही घरांना उशीर झाला असता. त्यांना आम्ही रिक्षात बसवून दिलं. अशा वेळी भिडेखातर हो म्हणू नये, त्यांचंही त्यात काही सोयीचं नसतं.

आता रस्ता. अ‍ॅपमध्ये फक्त शेवटचं ठिकाण, म्हणजे बावधन टाकलं, तर नकाशा बहुतेक वेळा दांडेकर पुलावरून म्हात्रे पूल, नळ स्टॉप आणि मग सरळ पौड रोड असा नेतो. त्यात कर्वेनगर बाजूला राहतं. काका-काकूंना सोडायचं तर दांडेकर पुलाशीच सिंहगड रस्ता धरून राजाराम पुलावरून कर्वेनगरला उतरायला हवं. तिथून कर्वे पुतळ्यावरून कोथरूडमध्ये शिरता येतं. म्हणजे सगळा निर्णय दांडेकर पुलाशी होतो. गाडी म्हात्रे पूल ओलांडून गेल्यावर 'अहो, आम्हाला कर्वेनगर' असं कोणी म्हटलं, तर कर्वे रोडने वाकडी वाट करावी लागते आणि चालकही वैतागतो. त्याचं चुकत नाही, त्याला सांगितलेलंच नसतं.

म्हणून सगळे थांबे बुक करतानाच क्रमाने टाका. तोंडी सांगितलेला थांबा चालकाच्या हिशेबात नसतो, त्याचे पैसेही त्याला नीट मिळत नाहीत. आणि पहिलंच घर शेवटचं ठिकाण म्हणून टाकलं तर तिथे ट्रिप संपते, पुढच्यांचा प्रवास अ‍ॅपमध्ये कुठे दिसतच नाही. रात्री एकट्या जाणाऱ्या माणसासाठी ते बरोबर नाही.

घर सांगताना नुसती सोसायटी सांगू नका, दुभाजकाच्या कोणत्या बाजूला आहे तेही सांगा. माझी सोसायटी चांदणी चौकाकडून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला आहे. त्यामुळे कोथरूडहून बावधनकडे जाताना मला सोडायचं तर मला रस्ता ओलांडावा लागतो, नाहीतर गाडीला पुढे जाऊन वळून यावं लागतं.

हीच गोष्ट पुढे कामाला आली. सरळ क्रम कर्वेनगर, वनाज, बावधन असा होता. अंदाजे ७, मग ३, मग ४, असे १४ किलोमीटर. पण त्यात ती मुलगी शेवटचे ४ किलोमीटर एकटी. काकूंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, 'तुला काय बरं वाटेल?' तिच्या वतीने आम्ही पुरुषांनी ठरवू नये, असं मला मनापासून वाटतं. कोणाला चालकासोबत एकटं जायला चालतं, कोणाला अर्धवट ओळखीच्या सहप्रवाशासोबत जास्त अवघडल्यासारखं होतं. ती मला दोन वर्षं तिथे पाहत होती. 'आधी मला सोडा, वनाजचे काका मागे फिरतील तर बरं,' असं तिने सांगितलं. मग क्रम झाला कर्वेनगर, बावधन, वनाज. मी माझ्या घरावरून पुढे गेलो आणि परत आलो. ४ किलोमीटर वाढले, रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर दहाएक मिनिटं. येताना गाडी थेट माझ्या फाटकाशी थांबली, वळसा वाचला.

चांदणी चौकात मात्र चालकाला आधीच सांगून ठेवा. २०२३ मध्ये नवा उड्डाणपूल आणि रॅम्प झाल्यापासून नवख्या चालकाची तिथे एक वळण चुकण्याची शक्यता असते. मग गाडी महामार्गाला लागते आणि मागे यायला बरंच पुढे जावं लागतं.

आता पैसे, कारण काकू नाराज झाल्या त्याला कारण आहे. आमचं भाडं आलं ४५० रुपये. डोईप्रमाणे समान वाटणी केली असती तर काका-काकूंना दोघांचे २२५ पडले असते. पण ते दोघेच गेले असते तर अ‍ॅप त्यांना १७५ दाखवत होतं! एकत्र येऊन जास्त पैसे द्यायचे, हे कोणालाही पटणार नाही.

आम्ही असं केलं. मध्यंतरातच प्रत्येक घराचं वेगळं भाडं पाहिलं. कर्वेनगर १७५, वनाज २५०, बावधन ३५०. साधारण दोन, तीन, चार असं प्रमाण. ४५०चे नऊ भाग केले, एक भाग ५० रुपयांचा. काका-काकूंचे मिळून १००, माझे १५०, तिचे २००. प्रत्येकाला एकट्याने जाण्यापेक्षा कमी पडले आणि माझ्या परतीच्या वाढीव अंतराचा बोजाही तिघांत आपोआप वाटला गेला. तो तिच्या एकटीच्या माथी मारला असता तर सुरक्षित घरी जाण्याचा दंडच झाला असता. मध्यंतरात रुपये ठरवू नका, प्रमाण ठरवा. बाराला भाडं वाढलं तरी प्रमाण फारसं हलत नाही, आणि ज्याच्या फोनवरून बुकिंग आहे त्याला उतरतानाच पैसे पाठवून टाका.

तुमच्या ग्रुपमध्ये परत फिरायला कोणी तयार नसेल, तर बावधन किंवा पाषाणकडचा आणखी एक जण आधीच शोधा, म्हणजे शेवटच्या टप्प्यात दोघं असाल. तेही जमलं नाही आणि एकटंच जावं लागलं, तर ट्रिपची लिंक घरी पाठवून ठेवा. कर्वेनगरच्या काकूंनाही पाठवा. आमच्या काकू त्या रात्री 'पोचले' असा तिचा निरोप येईपर्यंत जाग्या होत्या.

गाडी मांडवाच्या दाराशी बोलावू नका. लक्ष्मीनारायण टॉकीजकडे चालत जा आणि तिथून बुक करा, चालकाला तुम्ही सापडता.