कट्ट्यावरची पंधरा मिनिटे

"माझे वय ६४. यजमान जाऊन सव्वा वर्ष झाले. मुलगा बंगळुरूला असतो. सगळे म्हणतात, सकाळी फिरायला जा, बायकांच्या गटात मिसळ. पण ओळखपाळख नसताना एकटीने जाऊन उभे कसे राहायचे? आणि मी हसताना कुणी पाहिले तर काय म्हणतील?"

ताई, तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे दादरच्या एक काकू आल्या होत्या. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून त्यांची हकीगत सांगते. त्या तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या आणि पतीला जाऊन चौदा महिने झाले होते. पती रोज साडेपाचला उठून रेडिओ लावत आणि काकू दोन कप चहाचे आधण ठेवत. पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, "अजून हात दोन कपच पाणी मोजतो. मग एक कप मी मोरीत ओतते." दिवसाचा उरलेला वेळ कसाबसा जाई, पण पहाटे साडेचारला जाग आल्यापासून नऊपर्यंतचा काळ त्यांना सोसवत नसे. म्हणून घराबाहेर पडून लोकांत मिसळण्यासाठी आम्ही सकाळच निवडली.

त्याआधी मी काही गोष्टी विचारून घेतल्या. जेवण जाते का, वजन फार उतरले आहे का, जगण्यात अर्थ नाही किंवा मरून जावे असे विचार येतात का? यांपैकी काही असते, तर मी फिरण्याच्या गोष्टी केल्याच नसत्या आणि त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते. तुमच्याही बाबतीत तसे असेल, तर फिरण्याचा विचार बाजूला ठेवून आजच डॉक्टरांना भेटा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. काकूंच्या बाबतीत तसे नव्हते. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब आणि गुडघे तपासून हळू चालायला हरकत नसल्याचे सांगितले.

त्या शिवाजी पार्कपासून पाच मिनिटांवर राहत होत्या आणि तरीही चौदा महिन्यांत तिकडे फिरकल्या नव्हत्या. त्यांना वाटे की गटात जायचे म्हणजे पहिल्याच दिवशी कुणासमोर तरी जाऊन "मला तुमच्यात घ्या" असे म्हणायचे. ही कल्पनाच त्यांना घराबाहेर पडू देत नव्हती. म्हणून पहिले दोन आठवडे त्यांनी कुणाशी बोलायचेच नाही, असे आम्ही ठरवले. रोज साडेसहाला उद्यान गणेश मंदिराजवळच्या कट्ट्यावर एकाच जागी पंधरा मिनिटे बसायचे आणि घरी परतायचे, एवढेच काम होते. जागा आणि वेळ बदलायची नाही यावर मी फार भर दिला, कारण सकाळी फिरणारी माणसे घड्याळाच्या काट्यावर येतात, आणि तोच चेहरा त्याच जागी आठ-दहा दिवस दिसला की तो आपोआप ओळखीचा होऊन जातो.

तिसऱ्या आठवड्यात त्या चालू लागल्या. मैदानाभोवतीची फेरी सुमारे सव्वा किलोमीटरची आहे. मी त्यांना बहुतेक लोक ज्या दिशेने चालतात त्याच्या उलट दिशेने चालायला सांगितले. लोकांच्या मागून चालले तर त्यांच्या पाठीच दिसतात. समोरून चालले तर एका फेरीत तोच चेहरा दोनदा भेटतो. पाच जणींचा एक गट त्यांना रोज असा भेटू लागला. आधी नजरानजर झाली, मग मान हलली, आणि एके दिवशी त्यांच्यातील एकीने विचारले, "आज उशीर झाला वाटतं?" काकूंना तो प्रश्न जसाच्या तसा आठवतो, कारण आपल्या येण्याजाण्याची वेळ कुणाच्या तरी ध्यानात आहे, हे त्यांना कित्येक महिन्यांनी कळले होते.

बोलणे सुरू झाले की "यजमान येत नाहीत का फिरायला?" हा प्रश्न येणार, हे आम्हाला ठाऊक होते. त्याचे उत्तर आधीच तयार असावे लागते, नाहीतर माणूस त्या प्रश्नाच्या भीतीनेच लोकांना टाळू लागतो. आम्ही एक वाक्य बसवले: "ते गेल्या वर्षी गेले. अजून जड जातं, पण आज आपण चालू या." माझ्यासमोर पहिल्यांदा म्हणताना त्यांना दुसऱ्या शब्दालाच रडू फुटले. चौथ्या खेपेला पूर्ण वाक्य म्हणता आले. पुढे मैदानात प्रश्न आलाच, आणि उत्तर ऐकून विचारणारीने काही न बोलता आपला वेग कमी केला.

वेगाची अडचण खरीच होती. चौघी झपाझप चालत आणि काकूंना दम लागे. चालताना सलग बोलता आले पाहिजे, ही साधी खूण मी त्यांना दिली होती. बोलणे तुटू लागले की मागे राहायचे. त्यांच्याबरोबर गुडघेदुखीच्या एक बाईही मागे राहू लागल्या. दोघी एकच फेरी मारत आणि बाकीच्या चौघी येईपर्यंत कट्ट्यावर बसत. खरी मैत्री त्या बसण्यात झाली. त्या बाईही विधवाच आहेत, हे काकूंना दुसऱ्या महिन्यात समजले.

आता तुमच्या हसण्याच्या प्रश्नाकडे येते. काकू एकदा कट्ट्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि घरी आल्यावर पतीच्या तसबिरीसमोर उभ्या राहून त्यांनी माफी मागितली. दुःखी माणूस दिवसातून अनेकदा दुःखाकडे जातो आणि पुन्हा रोजच्या जगण्याकडे येतो. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये ही ये-जा सविस्तर मांडली आणि ती शोकाचाच भाग असल्याचे दाखवले. मी काकूंना इतकेच विचारले, "आज दुपारी त्यांची आठवण आली का?" त्या म्हणाल्या, "रोजच्यासारखीच आली." सकाळच्या हसण्याने त्या आठवणीतून काहीही कमी झाले नव्हते.

लोक मात्र बोलतात, हे मी नाकारणार नाही. संक्रांतीला गटातील एकीने हळदीकुंकवाचा निरोप पाठवला, त्यात "सवाष्णींनी यावे" असे लिहिले होते. काकू नऊ दिवस मैदानात गेल्या नाहीत. मला त्या निरोपाचा संताप आला आणि तो मी त्यांच्यापासून लपवला नाही. पण परत जा, असा आग्रहही धरला नाही. मी विचारले की तो निरोप पाच जणींचा होता की एकीचा. त्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. दहाव्या दिवशी गुडघेदुखीच्या बाईंचा फोन आला: "अहो, तुम्ही नसलात की या मला पळवतात. उद्या या." रथसप्तमीच्या सकाळी त्या दोघींनी घरी केलेले तिळाचे लाडू कट्ट्यावर नेले आणि येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिले. निरोप पाठवणाऱ्या बाईंनीही लाडू घेतला. त्या निरोपाबद्दल त्या आजवर काही बोललेल्या नाहीत, आणि काकू त्यांच्याशी कामापुरतेच बोलतात. सहा जणींत एखादीशी एवढेच नाते राहिले, तरी चालते.

आता पावसाळ्यात फेरी चुकली की दोघी एकमेकींना सातच्या आत फोन करतात. चहाचे पाणी काकू अजूनही कधी कधी दोन कप मोजतात. तसे झाले की त्या दिवशी जरा आधीच निघतात.

ताई, तुमच्या घराजवळचे मैदान किंवा बाग कोणती, आणि तेथे बसायला जागा कुठे आहे, ते उद्या सकाळी फक्त पाहून या.