सदोष मालाची तक्रार: दोष कुठे निर्माण झाला हे दाखवणारे फोटो आणि पत्र

प्रश्न: पुरवठादाराकडून आलेल्या मालात दोष निघाला. आम्ही फोटो पाठवले, तर 'तुमच्याकडेच खराब झाला असेल' असे उत्तर आले. बदली माल किंवा क्रेडिट नोट मिळावी म्हणून आता तक्रार कशी लिहावी आणि फोटो कसे जोडावेत?

उत्तर:

एका छोट्या जोडणी कारखान्याची खरेदी आणि भांडार मी अनेक वर्षे सांभाळतो. तुम्हाला जे उत्तर आले आहे, तेच मलाही एकदा आले होते, आणि मान्य करायला हवे की माझ्या पहिल्या तक्रारीला दुसरे कोणते उत्तर येणे शक्यच नव्हते. मी दोषाचे तीन जवळून घेतलेले फोटो पाठवले होते. त्यांतून माल खराब आहे एवढेच दिसत होते, पण तो कधी आणि कुणाच्या ताब्यात असताना खराब झाला हे दिसत नव्हते. पुरवठादाराशी होणारा खरा वाद बहुतेक वेळा याच मुद्द्यावर असतो, म्हणून तक्रारीची सगळी मांडणी याच मुद्द्याभोवती करावी लागते.

माल होता जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी ब्रॅकेटचा. चाळीस खोकी, प्रत्येकात सीलबंद प्लॅस्टिक पिशवीत ५० नग, म्हणजे एकूण २,००० नग. खोकी उघडल्यावर काही नगांवर पांढरी, खडूच्या भुकटीसारखी पूड दिसली. याला पांढरा गंज म्हणतात. मोकळ्या हवेत जस्तावर हळूहळू एक पातळ, टिकाऊ थर तयार होतो आणि तो धातूचे रक्षण करतो. पण ओलावा अडकून राहिला आणि हवा खेळती नसली, तर त्या थराऐवजी ही भुसभुशीत पूड तयार होते. त्यामुळे मुलाम्यानंतर नग पुरते न वाळवता पिशवीत बंद केले तर हे घडते, आणि खोकी वाहतुकीत भिजली किंवा ओल्या गोदामात उघडी पडून राहिली तरीही घडते. नुसत्या पुडीचा फोटो या शक्यतांमध्ये फरक करू शकत नाही. पुरवठादाराने आमच्या गोदामातल्या ओलीकडे बोट दाखवले, ते त्यामुळेच.

सुदैवाने आम्ही सगळी खोकी उघडली नव्हती. दोष दिसला की घाईघाईने सगळा माल फोडून मोजायला घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. न उघडलेले, मूळ पट्टी शाबूत असलेले खोके हा तुमच्याकडचा सर्वांत भक्कम पुरावा असतो, कारण त्याच्या आत तुमच्या गोदामातील कुणाचाही हात गेलेला नसतो. तुमच्याकडे अशी खोकी शिल्लक असतील, तर आजच ती वेगळी काढून, त्यांवर 'तपासणीसाठी रोखलेला माल' अशी चिठ्ठी लावून ठेवा. त्यातला एकही नग वापरात जाऊ देऊ नका. दोष माहीत असूनही माल वापरला, तर तो स्वीकारला असा अर्थ सहज काढला जातो.

पहिल्यांदा आम्ही पाच खोकी उघडली होती आणि त्यांतील तीन खोक्यांत दोष निघाला होता. दुसऱ्या तक्रारीआधी मी लेबले नीट वाचली, तेव्हा माल दोन लॉटचा असल्याचे लक्षात आले: २४ खोकी एका लॉटची आणि १६ दुसऱ्या लॉटची. दोषाची तिन्ही खोकी दुसऱ्या लॉटची होती. मग दोन्ही लॉटमधील आणखी तीन-तीन खोकी उघडली. पहिल्या लॉटच्या एकूण पाच खोक्यांतील २५० नग स्वच्छ निघाले, तर दुसऱ्या लॉटच्या सहा खोक्यांतील ३०० नगांपैकी २१२ नगांवर पूड होती. दोन्ही लॉट एकाच दिवशी आले होते आणि एकाच गोदामात शेजारी-शेजारी ठेवलेले होते. गोदामातली ओल कारण असती, तर तिने एकच लॉट निवडला नसता. ही तुलना माझ्या तक्रारीतील सर्वांत वजनदार ओळ ठरली, आणि त्यासाठी लेबले वाचण्यापलीकडे काही करावे लागले नाही.

आता फोटोंविषयी. फोटोंची संख्या महत्त्वाची नाही, त्यांची साखळी महत्त्वाची आहे. प्रत्येक फोटोने आधीच्या फोटोला धरून राहिले पाहिजे, म्हणजे पाहणाऱ्याला बिलापासून दोषापर्यंत तुटक न होता पोहोचता येते. माझ्या साखळीत पहिला फोटो माल उतरवतानाचा होता; आमचे भांडारपाल तो सवयीने काढतात, आणि त्यात खोकी कोरडी व पट्ट्या शाबूत असल्याचे स्पष्ट दिसत होते. दुसरा फोटो खोक्याच्या लेबलाचा होता, लॉट क्रमांक आणि पॅकिंगची तारीख वाचता येईल इतक्या जवळून घेतलेला. तिसऱ्यात तेच खोके उघडलेले, लेबलाची बाजू चौकटीत ठेवून, आणि आत अजून सीलबंद असलेली पिशवी. चौथ्यात पिशवीच्या आतल्या बाजूला साचलेले पाण्याचे थेंब. पाचव्यात पिशवीतून काढलेला नग, शेजारी मोजपट्टी आणि मंजूर नमुन्याचा स्वच्छ नग. तिसरा आणि चौथा फोटो नसते, तर बाकीचे फोटो वाद मिटवू शकले नसते. दुसऱ्यांदा खोकी उघडताना आम्ही न थांबता, एका दमात व्हिडिओही घेतला, कारण सुट्या फोटोंबाबत 'पिशवी आधीच उघडली होती' असे म्हणता येते.

चकचकीत धातूवर फ्लॅश वापरू नका. त्याची तिरीप परत येते आणि पूड दिसेनाशी होते. नग काळ्या कागदावर ठेवून, खिडकीचा उजेड एका बाजूने तिरका पडेल असा घेतला की पुडीचा खडबडीतपणा उठून दिसतो. फोटो मेसेजिंग ॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवले, तर ते आकाराने लहान केले जातात आणि त्यांच्यासोबतची तारीख-वेळेची नोंद बहुधा निघून जाते. म्हणून मूळ फाइली ईमेलने पाठवाव्यात, स्वतःकडेही न बदलता जपून ठेवाव्यात, आणि प्रत्येक फाइलला क्रमांक व खोक्याचा उल्लेख असलेले नाव द्यावे, उदाहरणार्थ `03_carton17_sealed_bag.jpg`. पत्रात 'सोबत फोटो जोडले आहेत' असे मोघम न लिहिता प्रत्येक विधानापुढे फोटोचा क्रमांक द्यावा.

फोटोची मर्यादाही ध्यानात ठेवावी. मुलाम्याची जाडी कमी आहे, धातूची प्रत वेगळी आहे, असे दोष फोटोत दिसत नाहीत. तिथे मापनाचा किंवा प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. आणि तुमची खोकी बाहेरूनच भिजलेली किंवा चेपलेली आली असतील, तर प्रश्न वाहतुकीचा होतो. तशी नोंद चलनावर, माल आणणाऱ्याच्या सहीसह, उतरवतानाच व्हायला हवी होती.

माझ्या दुसऱ्या पत्राचा मुख्य भाग मी असा लिहिला होता:

> आपल्या बिल क्रमांक … अन्वये दि. … रोजी ४० खोकी (२,००० नग) माल आम्हास मिळाला. उतरवताना खोकी कोरडी व पट्ट्या शाबूत होत्या (फोटो १). लॉट क्र. … च्या १६ पैकी ६ खोकी उघडली असता ३०० पैकी २१२ नगांवर पांढरी पूड आढळली (फोटो ५). पिशव्या सीलबंद असून त्यांच्या आतील बाजूस पाण्याचे थेंब होते (फोटो ३ व ४, तसेच व्हिडिओ). त्याच दिवशी आलेल्या व त्याच जागी ठेवलेल्या लॉट क्र. … च्या ५ खोक्यांतील २५० नग निर्दोष आहेत.
>
> सदोष लॉटची १० खोकी न उघडता राखून ठेवली आहेत. आपल्या प्रतिनिधींनी दि. … पर्यंत येऊन ती आमच्यासमक्ष उघडून पाहावीत, ही विनंती.
>
> या लॉटच्या सर्व ८०० नगांच्या बदली माल दि. … पर्यंत मिळावा. त्या तारखेपर्यंत तो देणे शक्य नसल्यास ८०० नगांच्या बिलातील रकमेची क्रेडिट नोट द्यावी. दोन्ही बाबतींत परतीचे भाडे आपणाकडे राहील. निर्दोष १,२०० नगांची रक्कम ठरलेल्या मुदतीत अदा केली जाईल.

यात 'तुम्ही ओला माल भरला' असे वाक्य कुठेही नाही, आणि ते मी जाणीवपूर्वक टाळले. थेंब मी पाहिले होते. ते पिशवीत कसे आले हे मी पाहिलेले नव्हते. कारणाचा आरोप चुकीचा निघाला की पुरवठादार तेवढेच खोडून काढतो आणि उरलेली खरी निरीक्षणेही संशयास्पद ठरतात. कारण शोधण्याचे काम त्याच्यावर सोपवावे.

मागणीचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. 'बदली माल किंवा क्रेडिट द्या' असे सैल लिहिले, तर निवड पुरवठादाराच्या हाती जाते आणि त्याच्या सोयीचा पर्याय तुमचे काम अडवू शकतो. आम्हाला जोडणीसाठी नग हवेच होते, म्हणून बदली माल आधी मागितला आणि तारीख उलटल्यास क्रेडिट नोट. ज्याला तोच माल दुसरीकडून लगेच मिळतो, त्याने क्रेडिट नोट आधी मागणे योग्य. बिलाची सगळी रक्कम रोखून धरणे मात्र मी टाळले, कारण मग चर्चा दोषावरून थकबाकीवर सरकते.

उशीर करू नका, हेही सांगायला हवे. वेगवेगळ्या देशांतील व्यापाऱ्यांमधील विक्रीसाठी १९८० मध्ये व्हिएन्ना येथे झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही, दोष आढळल्यावर किंवा आढळायला हवा होता तेव्हापासून वाजवी मुदतीत, दोषाचे स्वरूप नेमके सांगून कळवले नाही, तर खरेदीदार त्याविषयीचा हक्क गमावतो असे ३९ व्या कलमात म्हटले आहे. तुमच्या खरेदी आदेशात किंवा पुरवठादाराच्या अटींमध्ये यापेक्षा बरीच लहान मुदत लिहिलेली असू शकते. ती आधी पाहा. पहिली तक्रार मुदतीत गेली असेल, तर दुसऱ्या पत्रात तिची तारीख आवर्जून नमूद करा.

आमच्याकडे पुरवठादाराचे प्रतिनिधी आले आणि त्यांनी राखून ठेवलेल्या दहापैकी दोन खोकी स्वतः निवडून उघडली. दोन्हींत पूड निघाली. त्यांनी प्रथम 'पुसून वापरा, आम्ही दरात सूट देतो' असे सुचवले. पूड हलकी असेल आणि नग आत झाकला जाणार असेल, तर असा प्रस्ताव विचारात घेण्यासारखा असतो. आमचे ब्रॅकेट बाहेरून दिसणारे होते आणि मंजूर नमुना समोर होता, म्हणून आम्ही नकार दिला. तपासणीचे टिपण तिथेच लिहून दोघांनी सह्या केल्या, आणि सोळाही खोक्यांचा बदली माल मंजूर झाला.

परत न्यायचा माल त्यांची गाडी येईपर्यंत आम्ही कोरड्या जागी, झाकून ठेवला. नाकारलेला मालही उचलला जाईपर्यंत नीट सांभाळणे आपलेच काम असते, आणि तो मोडीत काढायचा असल्यास पुरवठादाराची लेखी संमती आधी घ्यावी लागते. गाडीत चढवताना खोक्यांची संख्या आणि लॉट क्रमांक दिसेल असा शेवटचा फोटो आम्ही काढला, आणि परतीच्या चलनावर 'बिल क्रमांक … पैकी सदोष लॉट, ८०० नग' असे लिहून चालकाची सही घेतली.