वेट-डाय आणि वूंड-वेट: एका गूळ अडतीचं उदाहरण

प्रश्न: वेट-डाय आणि वूंड-वेट यांत नेमका फरक काय? एकाच उदाहरणावर दोन्ही दाखवाल का? आणि दोन्हींत चांगली कोणती?

दोन्ही पद्धती डेडलॉक टाळण्यासाठी आहेत, म्हणजे दोन व्यवहार एकमेकांच्या लॉकसाठी कायमचे अडकून बसू नयेत यासाठी. त्यांत वूंड-वेट चांगली. हे मी परीक्षेसाठी सांगत नाही. यावरून माझा एका वरिष्ठांशी वाद झाला होता आणि तो कधी मिटला नाही, म्हणून हे उत्तर लिहितोय.

तेव्हा मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात होतो. गुळाच्या अडतीचा हिशोब आमच्याकडे होता. अडत्याची खाती कोल्हापूरच्या सर्व्हरवर आणि गडहिंग्लज भागातल्या शेतकऱ्यांची खाती तिकडच्या सर्व्हरवर. एकाच व्यवहाराला दोन्हीकडचे लॉक लागायचे. प्रत्येक डेटाबेस स्वतःपुरता डेडलॉक शोधतो, पण एकमेकांसाठी थांबण्याच्या चक्राचा अर्धा भाग इकडे आणि अर्धा तिकडे असेल तर दोघांनाही आपल्याकडे सगळं ठीकच दिसतं. म्हणून लॉक वाटणारा थर आम्ही स्वतः लिहिला होता. टाइमस्टॅम्पवर, म्हणजे व्यवहार सुरू झाल्याच्या वेळेवर चालणाऱ्या या दोन पद्धती रोझेनक्रान्ट्झ, स्टर्न्स आणि लुईस यांनी १९७८ साली मांडल्या, त्याही अशा वाटलेल्या डेटाबेससाठीच. कोणी कोणासाठी थांबलंय याचा पूर्ण नकाशा कुणाजवळ असावा लागत नाही. मागणाऱ्याचा आणि धरून बसलेल्याचा टाइमस्टॅम्प एवढ्यावर निकाल लागतो.

आता उदाहरण, टी१ आणि टी२ या दोन व्यवहारांचं. टी१ ४:१० ला सुरू झालं. ते दिवसभराच्या सौद्यांच्या पट्ट्या जमा करतंय. अडत्याचं खातं लॉक करून ते एकेका शेतकऱ्याच्या खात्याकडे जातं, त्यामुळे लांबलचक चालतं. टी२ ४:१२ ला सुरू झालं. काउंटरवर एक शेतकरी उचल घ्यायला आलाय. टी२ नं त्याचं खातं आधी लॉक केलं, आता त्याला अडत्याचं खातं हवंय. तेवढ्यात टी१ ला याच शेतकऱ्याचं खातं हवं झालं. दोघंही नुसतेच थांबले तर डेडलॉक ठरलेला.

वेट-डायमध्ये जुन्यानं मागितलं तर तो थांबतो, नव्यानं मागितलं तर तो मरतो. म्हणजे टी१ शेतकऱ्याच्या खात्यासाठी थांबतं. टी२ अडत्याचं खातं मागायला जातं, ते धरणारा जुना आहे, म्हणून टी२ लगेच रोलबॅक होतं. त्याचं लॉक सुटलं, ते टी१ ला मिळालं, काम पुढे सरकलं.

वूंड-वेटमध्ये जुन्यानं मागितलं तर धरून बसलेला नवा मागे फिरतो, नव्यानं मागितलं तर तो थांबतो. टी१ नं शेतकऱ्याचं खातं मागताच टी२ रोलबॅक होतं आणि खातं टी१ कडे जातं.

दोन्हीकडे बळी टी२ चाच गेला. पुस्तकातली उदाहरणं बहुतेक इथंच थांबतात आणि पोरांना दोन्ही पद्धती सारख्याच वाटतात. खरा फरक टी२ पुन्हा सुरू झाल्यावर दिसतो. दोन्ही पद्धतींत त्याचा ४:१२ हा जुनाच टाइमस्टॅम्प ठेवायचा. नवा दिला तर ते कायम सगळ्यांत धाकटंच राहील आणि त्याची पाळी येईलच असं नाही. आता वेट-डायमध्ये टी२ परत येऊन शेतकऱ्याचं खातं मागतं. ते टी१ कडे आहे, टी१ जुनं आहे, मर. पुन्हा सुरू, पुन्हा मर. टी१ च्या पट्ट्या संपेपर्यंत हेच. वूंड-वेटमध्ये टी२ परत येतं, तेच खातं मागतं आणि रांगेत शांत थांबतं. टी१ कमिट झालं की दोन्ही खाती मिळवून आपलं काम संपवतं. रोलबॅक एकदाच.

आमच्याकडे वेट-डाय लावलं होतं, वरिष्ठांच्या आग्रहानं. संध्याकाळी पट्ट्यांचं काम सुरू झालं की लॉगमध्ये एकच व्यवहार, तोच टाइमस्टॅम्प, ओळीखाली ओळ: सुरू, रोलबॅक, सुरू, रोलबॅक. गडहिंग्लजची लाइन या निरर्थक फेऱ्यांनीच भरून जायची. ओळखायची खूण हीच. टाइमस्टॅम्प तोच, रोलबॅक अनेक, आणि दरवेळी लॉक धरणारा व्यवहारही तोच. मी म्हटलं, वूंड-वेट लावूया. ते म्हणाले, "चालू काम मधेच कापायचं नसतंय. पावती निघाली आणि व्यवहार रद्द झाला तर शेतकऱ्याला काय सांगणार?"

याचं उत्तर तेव्हाही दिलं होतं, आताही देतो. पावती कमिट झाल्यावरच छापायची. पावती आधी छापत असाल तर वीज गेली तरी हाच घोळ होणार, त्याचा दोष वूंड-वेटवर टाकू नका. आणि मूळ पद्धतीत कमिटच्या वाटेला लागलेल्या व्यवहाराला मागे ओढतच नाहीत. तो आता लॉक सोडणारच आहे, म्हणून जुना तेवढा वेळ थांबतो. तरी शेवटपर्यंत वेट-डायच ठेवलं. फक्त प्रत्येक रोलबॅकनंतर टी२ नं थोडं थांबून परत यायचं असं ठरलं. म्हणजे थांबणं आलंच, तेही अंदाजानं, लॉक कधी सुटलं याचा पत्ता नसताना.

दोन्हींत चक्र का होत नाही हे वेगळं सांगायला नको. वेट-डायमध्ये जुनेच नव्यासाठी थांबतात, वूंड-वेटमध्ये नवेच जुन्यासाठी. थांबण्याची दिशा एकच, त्यामुळे फिरून परत यायला वाट नाही.

आता वूंड-वेटच्या विरुद्धही सांगितलं पाहिजे. टी२ ला फक्त शेतकऱ्याचं खातं हवं असतं, अडत्याचं लागणारच नसतं, तरी वूंड-वेटनं त्याला मागे फिरवलं असतं, डेडलॉकची शक्यता नसताना. आणि टी२ नं तोवर बरंच काम केलं असेल तर ते सगळं वाया. वेट-डायमध्ये व्यवहार मरतो तो स्वतः लॉक मागताना. सगळे लॉक मिळाले की त्याला कुणी हात लावत नाही, ही त्याची खरी जमेची बाजू आहे. नवे व्यवहार लांब आणि महाग असतील, जुने अधूनमधून त्यांच्या वाटेत येत असतील, तर वेट-डायचा विचार करा. पण सहसा जुन्यानं हवे ते लॉक आधीच घेतलेले असतात आणि नवा मागायला येतो. तिथं वेट-डाय मारत सुटतं आणि वूंड-वेट रांगेत उभं करतं. गुगलचा स्पॅनर हा वाटलेला डेटाबेस वूंड-वेट वापरतो.

एका सर्व्हरवरच्या साध्या कामाला यातलं काहीच लिहू नका. पोस्टग्रेस लॉकसाठी थांबलेला असताना `deadlock_timeout` एवढ्या वेळानं, म्हणजे मुळात १ सेकंदानं, चक्र आहे का ते तपासतो. मायएसक्यूएलचं इनोडीबीही स्वतः डेडलॉक शोधून एकाला रोलबॅक करतं आणि `1213` ही चूक देतं. तुम्ही फक्त ती पकडून व्यवहार पुन्हा चालवायचा.

दोन सर्व्हर असतील तर टाइमस्टॅम्पच्या मागे शाखेचा क्रमांक जोडा, म्हणजे दोन व्यवहार कधीच सारखे ठरत नाहीत. घड्याळं थोडी पुढेमागे असली तरी डेडलॉक होणार नाही, त्याला नुसता ठरलेला क्रम पुरतो. पण गडहिंग्लजचं घड्याळ मागे असेल तर तिथला प्रत्येक व्यवहार जुना ठरणार आणि कोल्हापूरचे काउंटर विनाकारण मागे पडणार. म्हणून घड्याळं जुळवत राहा.